एका अंदाजाला ६५,५३६ पाने

जून २०१२ मध्ये एका रशियन संकेतस्थळावर सुमारे ६५ लाख ओळींची एक फाइल कुणीतरी आणून टाकली. प्रत्येक ओळीत चाळीस आकडे-अक्षरे होती, बाकी काही नाही. नाव नाही, ईमेलचा पत्ता नाही. लिंक्डइनच्या सदस्यांच्या पासवर्डांचे ते हॅश होते. पुढच्या काही दिवसांतच त्यातले लाखो पासवर्ड लोकांनी शोधून काढले. २०१६ मध्ये उघड झाले की त्याच चोरीतल्या सुमारे ११ कोटी ७० लाख सदस्यांचे ईमेल आणि हॅश आता बाजारात विकायला आले आहेत.

हॅश म्हणजे पासवर्डावर एक ठरलेले गणित चालवून मिळणारा ठसा. गणित एकाच दिशेने चालते. पासवर्डावरून ठसा काढता येतो, ठशावरून पासवर्ड काढता येत नाही. तुम्ही लॉगिन करता तेव्हा सर्व्हर तुमच्या शब्दाचा ठसा काढतो आणि साठवलेल्या ठशाशी ताडून पाहतो. मूळ पासवर्ड त्याच्याकडे कुठेच नसतो. मग चोर काय करतो? तोही अंदाज बांधतो. एक शब्द घ्यायचा, ठसा काढायचा, ताडायचा, नाही जुळला तर पुढचा शब्द. फाइल त्याच्या हातात असल्यामुळे ‘तीन चुकीचे प्रयत्न, आता पंधरा मिनिटे थांबा’ म्हणणारे कुणी नसते. त्याला अडवणारी गोष्ट एकच उरते: एक अंदाज तपासायला किती खर्च येतो.

लिंक्डइनच्या बाबतीत हा खर्च जवळजवळ शून्य होता. त्यांनी एसएचए-१ नावाचे गणित वापरले होते. ते १९९५ मध्ये प्रसिद्ध झाले ते मोठमोठ्या फाइली आणि डिजिटल सह्या तपासण्यासाठी, आणि त्या कामाला वेग हवाच असतो. पासवर्डासाठी मात्र हाच वेग घातक ठरतो. त्यातच त्यांनी सॉल्टही घातले नव्हते. सॉल्ट म्हणजे प्रत्येक सदस्याच्या पासवर्डात मिसळलेला वेगळा, यदृच्छ तुकडा. तो गुप्त नसतो, हॅशशेजारीच लिहिलेला असतो. पण त्यामुळे दोघांचा पासवर्ड एकच असला तरी ठसे वेगळे निघतात आणि चोराला प्रत्येक सदस्यासाठी सगळे अंदाज पुन्हा पहिल्यापासून करावे लागतात. रॉबर्ट मॉरिस आणि केन थॉम्प्सन यांनी युनिक्समधल्या सॉल्टची हकिगत १९७९ मध्येच लिहून ठेवली होती. तेहतीस वर्षांनंतरही एवढ्या मोठ्या कंपनीने ते घालू नये, ही अक्षम्य हयगय होती. सॉल्ट नसल्यामुळे प्रत्येक अंदाज एकाच वेळी ६५ लाख ठशांशी ताडता येत होता.

आता ग्राफिक्स कार्डाकडे येऊ. २०१२च्या डिसेंबरमध्ये ऑस्लोच्या एका परिषदेत जेरेमी गॉस्नी यांनी २५ ग्राफिक्स चिपांचा एक संच दाखवला. विंडोजच्या जुन्या एनटीएलएम हॅशवर तो सेकंदाला ३५,००० कोटी अंदाज तपासत होता. दहा वर्षांनी, २०२२ मध्ये, एनव्हिडियाचे आरटीएक्स ४०९० बाजारात आले. खेळांसाठी घेतले जाणारे हे एकटे कार्ड त्याच कामात सेकंदाला सुमारे २८,८०० कोटींपर्यंत पोचते. एसएचए-१ वर त्याचा वेग सुमारे ५,००० कोटी आहे. इंग्रजी छोट्या लिपीतल्या आठ अक्षरांचे सगळे संभाव्य पासवर्ड मोजले तर ते सुमारे २०,९०० कोटी भरतात. म्हणजे चार-सव्वाचार सेकंदांचे काम.

हा वेग येतो कुठून? या कार्डात १६,३८४ गाभे आहेत. एकेक गाभा साधा आहे, तुमच्या संगणकातल्या मुख्य प्रोसेसरच्या गाभ्याइतका हुशार नाही. पण ते सारे गटागटाने एकच सूचना एकाच क्षणी वेगवेगळ्या आकड्यांवर चालवतात, आणि पासवर्ड फोडण्याचे काम नेमके याच स्वरूपाचे आहे. गणित एक, शब्द वेगवेगळे. शिवाय एसएचए-१ला हाताशी ठेवायला लागणारा मजकूर शंभर बाइटांच्या आसपासच असतो. तो गाभ्याला चिकटून असलेल्या रजिस्टरांत मावतो. मोठ्या मेमरीकडे जाण्याची वेळच येत नाही, म्हणून एकही गाभा कधी थांबत नाही.

यावर पहिला उपाय सुचतो तो गणित पुन्हा पुन्हा करण्याचा. एकदा हॅश करण्याऐवजी लाखभर वेळा करायचा. २०००च्या सुमारास प्रमाणित झालेली पीबीकेडीएफ२ ही पद्धत हेच करते आणि आजही ती सर्वत्र वापरात आहे. तिने अंदाज महाग होतो, यात शंका नाही. पण ती सर्व्हरचे काम जितक्या पटीने वाढवते, तितक्याच पटीने चोराचे वाढवते. कार्डाचे हजारो गाभे पूर्वीसारखेच भरधाव चालू राहतात, फक्त प्रत्येकाला जास्त फेऱ्या माराव्या लागतात. सर्व्हरच्या तुलनेत कार्डाला मिळणारा फायदा जिथल्या तिथे राहतो. फेऱ्या वाढवत गेलो तर शेवटी आपलाच सदस्य लॉगिनच्या पडद्यासमोर ताटकळतो.

हा तिढा कॉलिन पर्सिव्हल यांनी वेगळ्या टोकाने सोडवला. टारस्नॅप या आपल्या बॅकअप सेवेसाठी त्यांना पासवर्डावरून किल्ली बनवण्याची मजबूत पद्धत हवी होती. २००९ मध्ये ओटावाच्या बीएसडीकॅन परिषदेत त्यांनी एसक्रिप्ट मांडले. त्यांचा मुद्दा असा की चोर स्वतःच्या चिपा बनवून घेऊ शकतो, गाभे हवे तितके वाढवू शकतो. पण मेमरीला सिलिकॉनवर जागा लागते आणि त्या जागेचे पैसे सगळ्यांना सारखेच मोजावे लागतात. तेव्हा प्रत्येक अंदाजाला वेळेबरोबर भरपूर मेमरीही लागली पाहिजे. अशा पद्धतींना मेमरी-हार्ड म्हणतात.

ती कशी चालते हे एका वहीच्या उदाहरणाने बघू. पासवर्ड आणि सॉल्ट मिळून वहीचे पहिले पान तयार होते, आणि एका पानावर १ केबी मजकूर मावतो असे धरा. पहिल्या पानावर गणित करून दुसरे लिहायचे, दुसऱ्यावरून तिसरे, असे वही भरेपर्यंत. मग दुसरा टप्पा. हातात जो शेवटचा मजकूर आहे त्यातले काही आकडे सांगतात की आता अमुक पान उघड. ते उघडायचे, हातातल्या मजकुरात मिसळायचे, पुन्हा गणित करायचे. जे उत्तर येईल ते पुढचे पान कोणते ते सांगेल. जितकी पाने लिहिली तितक्या वेळा हे करायचे. कुठले पान कधी लागेल ते आधी कळण्याचा मार्ग नाही, त्यामुळे कुठलेही पान फाडून टाकता येत नाही. पुढचे पान आधीच मागवूनही ठेवता येत नाही, कारण त्याचा क्रमांक आत्ताच्या पायरीच्या उत्तरात दडलेला असतो. एसक्रिप्टच्या नेहमीच्या एका मांडणीत अशी १६,३८४ पाने असतात, म्हणजे प्रत्येक अंदाजाला १६ एमबी.

कल्पना चांगली असून भागत नाही, वही पुरेशी जाड असावी लागते. हे लाइटकॉइनने दाखवून दिले. २०११ मध्ये निघालेल्या या आभासी चलनाने एसक्रिप्ट निवडले ते ग्राफिक्स कार्डांना दूर ठेवण्याच्या आशेने. पण व्यवहार पटकन तपासता यावेत म्हणून वही ठेवली अवघी १२८ केबीची. कार्डवाल्यांनी लगेच वाट काढली. एक आड एक पानच साठवायचे, आणि गाळलेले पान लागले तर आधीच्या पानावरून तेवढ्यापुरते पुन्हा लिहायचे. मेमरी निम्मी झाली आणि गणित जेमतेम पाव पटीने वाढले. गणित तर कार्डाला फुकटच असते. थोड्याच वर्षांत या कामासाठी खास घडवलेल्या चिपाही विक्रीला आल्या. फाइली कुलूपबंद करण्यासाठी पर्सिव्हल यांनी याच पद्धतीत सुचवलेली वही १ जीबीची होती, लाइटकॉइनच्या ८,१९२ पट.

गाळलेली पाने पुन्हा लिहिण्याची ही पळवाट बुजवणे हे पुढच्या पिढीचे काम ठरले. २०१३ मध्ये पासवर्ड हॅशिंगची एक खुली स्पर्धा जाहीर झाली. तिच्यात २४ प्रवेशिका आल्या आणि जुलै २०१५ मध्ये लक्झेंबर्ग विद्यापीठातल्या ॲलेक्स बिर्युकोव्ह, डॅनियल डिनू आणि दिमित्री खोव्रातोविच यांचे आर्गॉन२ विजयी झाले. त्यातही १ केबीची पाने आहेत. पण प्रत्येक नवे पान दोन पानांवरून लिहिले जाते, एक लगेच आधीचे आणि दुसरे मागे कुठेतरी असलेले. एक गाळलेले पान पुन्हा लिहायला बसलात की त्याची दोन पाने लागतात. तीही गाळलेली असतील तर त्यांची प्रत्येकी दोन. मेमरी जसजशी कमी करावी तसतसा हा गुंता फार झपाट्याने वाढतो, आणि वही पूर्ण ठेवणेच स्वस्त पडते.

आर्गॉन२ वापरताना तीन आकडे ठरवायचे असतात: मेमरी किती, वहीवरून किती वेळा फिरायचे आणि एकाच वेळी किती मार्गिका चालवायच्या. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आरएफसी ९१०६ या दस्तऐवजात, मेमरी बेताची असलेल्या यंत्रांसाठी ६४ एमबी, ३ फेऱ्या आणि ४ मार्गिका असे आकडे सुचवले आहेत. डेटाबेसमध्ये साठवलेल्या हॅशच्या सुरुवातीला हे आकडे उघडपणे लिहिलेले असतात:

```
$argon2id$v=19$m=65536,t=3,p=4$
```

यातला 65536 म्हणजे पानांची संख्या. पुढे सॉल्ट आणि हॅश येतात.

आता तेच आरटीएक्स ४०९० या हॅशसमोर बसवू. कार्डावर मेमरी आहे २४ जीबी. ६४ एमबीची एक वही, तर एका वेळी जास्तीत जास्त ३८४ वह्या मांडता येतात. एसएचए-१ वर हजारो गाभे आपापला स्वतंत्र अंदाज घेऊन पळत होते, इथे हातात एका वेळी ३८४ अंदाज. आर्गॉन२चे एक पान लिहिण्याचे काम बऱ्याच गाभ्यांत वाटून घेता येते, त्यामुळे गाभे लगेच रिकामे बसतात असे नाही. त्यांना खरे अडवते ते मेमरीचे दार. मेमरी आणि गाभे यांच्यामधून सेकंदाला सुमारे १,००८ जीबी मजकूर जाऊ शकतो. दार प्रचंड रुंद आहे, साध्या संगणकाला असले दार नसते. पण एका अंदाजाची वाहतूक मोजून बघा. ६४ एमबीच्या प्रत्येक फेरीत सगळी पाने लिहायची, आणि प्रत्येकासाठी मागचे एखादे पान वाचायचे. म्हणजे एका फेरीला निदान १२८ एमबी आणि तीन फेऱ्यांना ३८४ एमबी. दर सेकंदाला त्या दारातून अडीच हजारांच्या आसपास अंदाजच पार पडू शकतात, त्याहून अधिक नाहीत. ही सैद्धांतिक कमाल आहे. दुसऱ्या-तिसऱ्या फेरीत जुने पानही वाचून मिसळावे लागते, ते धरले तर संख्या दोन हजारांच्या खाली येते.

कार्डाच्या चिपेवर मेमरीपेक्षा कितीतरी जलद असा एक साठा असतो, एल२ कॅश. या कार्डात तो ७२ एमबी आहे आणि ग्राफिक्स कार्डासाठी तो भरपूर मोठा मानला जातो. आपल्या मांडणीतली फक्त एक वही त्यात मावते. ६४ एमबीचा आकडा ठरवताना या कार्डाचा विचार झाला नव्हता, ते नंतर आले. पण मेमरी-हार्ड पद्धत कुठे चिमटा काढते ते यावरून स्पष्ट दिसते.

सेकंदाला ५,००० कोटी अंदाज आणि सेकंदाला अडीच हजार अंदाज, असा हा फरक आहे: दोन कोटी पटींचा. आठ छोट्या अक्षरांचे जे काम एसएचए-१ वर चार सेकंदांत होत होते, त्याला इथे, तेही कमाल वेगाने, एका सदस्यामागे अडीच वर्षांहून जास्त लागतात. या दोन कोटी पटींचा मोठा भाग एकेक अंदाज मुळातच जड झाल्यामुळे येतो, आणि तो जडपणा सर्व्हरलाही सोसावा लागतो. मला महत्त्वाचे वाटते ते सर्व्हर आणि चोर यांच्यातले उरलेले अंतर. डीडीआर५ मेमरीच्या दोन पट्ट्या लावलेल्या साध्या संगणकाचे दार सेकंदाला ऐंशी-नव्वद जीबीचे असते. कार्डाचे दार त्याच्या अकरा-बारा पट रुंद. हजारो गाभ्यांचा फायदा आटून एवढाच उरतो, आणि चोराने आणखी गाभे विकत घेतले तरी तो वाढत नाही. त्याला दारेच वाढवावी लागतात, म्हणजे आख्खी कार्डे.

मग सगळे सर्व्हर एकेका लॉगिनला १ जीबी का देत नाहीत? कारण वही त्यांनाही मांडावी लागते. शंभर जण एकाच क्षणी लॉगिन करू लागले तर ६४ एमबीच्या हिशेबाने ६.४ जीबी मेमरी तेवढ्यातच गुंतते. कुणी मुद्दाम खोट्या लॉगिनांचा भडिमार केला तर सर्व्हर आडवा होऊ शकतो. म्हणून वेब-सुरक्षेसाठी काम करणारी ओवास्प ही संस्था किमान पातळी १९ एमबी आणि २ फेऱ्या इतकी खाली ठेवते. माझ्या मते ही खरोखर किमानच समजावी. ज्याचा सर्व्हर ६४ एमबी पेलतो त्याने १९वर थांबू नये, आणि लॉगिनची गर्दी होते तिथे एका वेळी किती हॅश चालू द्यायचे यावर मर्यादा घालावी.

बीक्रिप्टबद्दलही बोलायला हवे, कारण अनेक जुन्या प्रणालींत तेच आहे. १९९९चे बीक्रिप्ट आजच्या अर्थाने मेमरी-हार्ड नाही. त्याला लागते फक्त ४ केबी मेमरी. पण त्या ४ केबीत ते सतत इकडेतिकडे उड्या मारते आणि रजिस्टरांत मावत नाही, म्हणून ग्राफिक्स कार्डांना ते आजही जड जाते. त्याचा कष्ट-अंक १२ ठेवला तर आरटीएक्स ४०९० सेकंदाला दीड हजारांच्या आतच अंदाज तपासू शकते. तुमच्याकडे `$2b$12$` ने सुरू होणारे हॅश असतील तर घाबरून जाण्याचे कारण नाही. धोका आहे तो खास घडवलेल्या चिपांचा, कारण ४ केबी त्यांना सहज परवडतात. नवी प्रणाली बांधताना आर्गॉन२च घ्यावे.

आणि एक मर्यादा अशी की कुठलीच हॅश-पद्धत ती ओलांडू शकत नाही. २००९ मध्ये रॉकयू या कंपनीचे ३ कोटी २० लाख पासवर्ड जसेच्या तसे बाहेर पडले. हॅश नव्हतेच. त्यात सर्वांत जास्त लोकांनी निवडलेला पासवर्ड होता 123456. त्या फाइलीतले वेगवेगळे पासवर्ड काढले तर सुमारे १ कोटी ४३ लाख भरतात, आणि हीच यादी आजही प्रत्येक चोराच्या हाताशी असते. आपल्या अडीच हजारांच्या वेगाने ती एका सदस्यावर चालवून बघायला दीड तासाहून थोडा जास्त वेळ लागेल. लाखभर सदस्यांवर चालवायची तर, सॉल्ट वेगळे असल्यामुळे, एका कार्डाला अठरा वर्षे. म्हणजे गर्दीतल्या सामान्य सदस्याला आर्गॉन२ चांगले वाचवते. पण चोराने नाव हेरून गाठलेला माणूस यादीतलाच पासवर्ड वापरत असेल, तर तो दुपारच्या जेवणापर्यंत सापडतो.

प्रत्यक्षात मजबूत पद्धती तुटतात त्या बहुतेकदा शेजारच्या खिडकीतून. ॲशली मॅडिसन या संकेतस्थळाची माहिती २०१५ मध्ये चोरीला गेली. त्यांचे पासवर्ड बीक्रिप्टने, कष्ट-अंक १२ ठेवून, नीट साठवलेले होते. सुरुवातीला जाणकारांनी हात टेकले. मग सायनोशुअर प्राइम या गटाने बाहेर आलेला प्रोग्रॅम वाचला. दीड कोटीच्या आसपास खात्यांसाठी आणखी एक किल्ली साठवलेली होती, आणि ती सदस्याचे नाव व पासवर्ड छोट्या अक्षरांत करून जुन्या, अतिवेगवान एमडी५ ने बनवलेली होती. त्यांनी बीक्रिप्टला हात न लावता ती किल्ली फोडली. मग कोणते अक्षर मोठे आणि कोणते छोटे एवढेच बीक्रिप्टवर तपासले. काही दिवसांत १ कोटी १० लाखांहून जास्त पासवर्ड उघडे पडले.

जुन्या प्रणालीतून नव्या पद्धतीकडे जाताना हीच चूक पुन्हा होते. सर्व्हरला पासवर्ड माहीत नसतो, त्यामुळे एका रात्रीत सगळे हॅश आर्गॉन२चे करता येत नाहीत. सदस्य पुन्हा लॉगिन करतो त्या क्षणीच खरा शब्द हाती येतो आणि नवा हॅश बनवता येतो. जे महिनोन्‌महिने फिरकत नाहीत त्यांचे जुने हॅश तसेच पडून राहतात. यावर सरळ उपाय आहे: जुना हॅश हाच पासवर्ड समजून आजच त्यावर आर्गॉन२ चालवायचे, आणि सदस्य आला की स्वच्छ नवा हॅश लिहायचा.

तुम्ही एखाद्या पतसंस्थेची, शाळेची किंवा दुकानाची प्रणाली सांभाळत असाल, तर आज डेटाबेस उघडून पासवर्डाच्या रकान्यातली एक ओळ बघा. सुरुवातीला `$argon2id$` किंवा `$2b$` आहे, की नुसतीच ३२ किंवा ४० आकडे-अक्षरांची सलग माळ आहे? माळ असेल तर ते बहुधा एमडी५ किंवा एसएचए-१ आहे आणि वर सांगितलेले काम याच आठवड्यात हाती घ्यावे लागेल. ते झाले की जुना रकाना पुसून टाका, आणि बॅकअपमध्ये त्याच्या प्रती असतील तर त्याही नष्ट करा.